लाभेश स्वगृही, तरी चवथीला उसनवारी का?

*माझं मिथुन लग्न. दोन टॅक्सी आहेत, दुसरी मोपा विमानतळ सुरू झाल्यावर हप्त्यांवर काढली. सीझनला डिझेल, ड्रायव्हर सगळं जाऊन महिन्याला पाऊण लाख सुटतात, जून ते सप्टेंबर मात्र वीस हजार कसेबसे. दोन्ही गाड्यांचा हप्ता 27 हजार आणि घरखर्च 25. इथल्या एका जोतिषांनी सांगितलं, "लाभेश स्वगृही आहे, पैसा कमी पडायचा नाही, पोवळं घाला." तरी दर चवथीला माटोळीच्या सामानासाठीसुद्धा कुणाकडे तरी हात पसरावा लागतो. आता तिसरी गाडी काढावी म्हणतोय. गुरुजी, आधी पोवळं घालू की आधी गाडी काढू?*
— एक वाचक, पेडणे तालुका

दोन्ही नको. पोवळंही नको आणि निदान 2027 ची चवथ होईपर्यंत तिसरी गाडीही नको. कारण एकच आहे, आणि ते तुम्हाला ज्यांनी "लाभेश स्वगृही" म्हणून सांगितलं त्याच ग्रहात दडलेलं आहे.

तुमच्या जोतिषांचं वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. अकरावं स्थान म्हणजे लाभ. कष्टाचा, धंद्याचा मोबदला हातात पडणं, ओळखीपाळखीतून काम मिळणं, हे सगळं तिथून बघतात. दुसरं स्थान म्हणजे धन. घरात जमून राहिलेलं, कुटुंबाच्या ताटात आणि पेटीत असलेलं. खाजनाची शेती बघितली असेल तर कळेल. भरतीला पाणी किती जोरात येतं हा एक प्रश्न, आणि ओहोटीला बांधाआड किती राहतं हा दुसरा. पत्रिका हातात घेतल्यावर मी तरी हे दोन प्रश्न एकत्र करत नाही. ज्यांनी एकत्र केले त्यांनी काय गोंधळ घातला ते पुढे सांगतो, कारण त्यात मीही होतो.

तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून पत्रिका मांडली. मार्च 1987, फाल्गुन शुक्ल अष्टमी, दुपारी पावणेदोन. मिथुन लग्न येतं. लाभस्थानात मेष रास, तिचा स्वामी मंगळ, म्हणजे तुमचा लाभेश, तिथेच बसलेला. लाभस्थान हे उपचय स्थान, म्हणजे तिथलं फळ वयाबरोबर वाढतं, आणि पापग्रहही तिथे चांगलं काम करतात. त्यात मंगळ स्वतःच्या घरात. वाहन, यंत्र, धावपळ, स्पर्धा यातून कमाई. टॅक्सीवाल्याच्या पत्रिकेत याहून बरं काय हवं? इथपर्यंत तुमचे जोतिषी बरोबर.

पण मिथुन लग्नाला मंगळ एकाच घराचा मालक नसतो. मेष अकराव्यात तशी त्याची दुसरी रास, वृश्चिक, सहाव्यात पडते. सहावं स्थान कर्जाचं. म्हणजे ज्याच्या हाताने पैसा येतो, त्याच्याच हाताने कर्जही येतं. मिथुन लग्नाच्या माणसाचं लाभस्थान बलवान असेल तर मी पहिल्यांदा हप्ते किती चालू आहेत ते विचारतो, कमाई नंतर. तुमचं तसंच आहे. पहिली गाडी कर्जाने, तिने कमावलं, त्या जोरावर दुसरी कर्जाने, आता तिसरी. मंगळ लाभेश म्हणून धंदा वाढवतो आणि षष्ठेश म्हणून त्या वाढीवर हप्ता चढवतो. अकराव्यातून त्याची आठवी दृष्टी सहाव्या स्थानावर आहे आणि चौथी दृष्टी थेट दुसऱ्यावर. धनस्थानातली रास कर्क, मंगळाची नीच रास. तिथे त्याची दृष्टी पडते तेव्हा लाभेशाने धनाकडे पाहिलं म्हणून आनंद मानायचा, की कर्जेशाने पाहिलं म्हणून काळजी करायची? दोन्ही. पैसा घरात येतो आणि आल्याबरोबर त्याचं नाव दुसऱ्याच्या वहीत लिहिलेलं असतं.

पोवळं का नको ते आता लक्षात आलं असेल. रत्न ग्रहाला बळ देतं असं मानलं तर ते मालकी बघून बळ देत नाही. लाभेशाला बळ दिलंत की षष्ठेशालाही मिळालं.

आता माझी चूक. 2011 मध्ये डिचोलीकडच्या एका टिप्परवाल्याने मला पत्रिका दाखवली. लाभस्थान तुमच्यासारखंच भक्कम. खनिजाचे दिवस होते, त्याचे दोन टिप्पर धावत होते, तो तिसरा काढू का विचारत होता. मी अकरावं बघितलं, खूश झालो, "काढ" म्हटलं. दुसरं स्थान बघितलं, पण मनापासून नाही. 2012 मध्ये राज्यातल्या खाणी बंद पडल्या. टिप्पर घरासमोर उभे, टायरांत हवा नाही, आणि तीन गाड्यांचे हप्ते चालू. खाणी बंद पडतील हे मला दिसायला हवं होतं असं मी म्हणत नाही. एका माणसाच्या पत्रिकेत अख्ख्या राज्याचा धंदा दिसत नसतो. पण कमाई थांबली तर हा माणूस किती महिने तग धरेल, हे त्याच्या धनेशावरून, म्हणजे दुसऱ्या स्थानाच्या स्वामीवरून, दिसत होतं आणि मी ते त्याला सांगितलं नाही. तेव्हापासून कर्जाच्या प्रश्नाला मी दुसऱ्या स्थानापासून सुरुवात करतो.

तर तुमचं दुसरं. कर्क रास, स्वामी चंद्र. तो बाराव्यात वृषभेत, उच्चीचा. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात: ग्रहात बळ किती आणि तो बसलाय कुठे. बळाच्या बाबतीत तुमचा चंद्र उत्तम. रोहिणीच्या चौथ्या चरणात आहे, म्हणून नवांशात तो कर्केत, स्वतःच्याच घरात येतो. नुसता उच्चीचा ग्रह नवांशात ढासळला तर मी त्यावर फार विसंबत नाही, तुमचा तसा ढासळत नाही. शुक्ल पक्षातला वाढता चंद्र. पण बसला व्ययात, म्हणजे खर्चाच्या बाराव्या स्थानी. धनेश व्ययात म्हणजे दारिद्र्य असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दुबळा ग्रह बाराव्यात गेला तर पैसा हातून निसटतो, कुठे गेला तेही कळत नाही. बलवान ग्रह तिथे गेला की मोठा खर्च नीट, वेळेवर होतो. कुठे जातो ते माणसाला अगदी पाठ असतं. तुम्ही पत्रात हप्त्याचा आकडा हजारात बिनचूक लिहिलाय, तो या चंद्राचाच गुण.

त्या चंद्रावर सहाव्यातल्या शनीची सातवी दृष्टी आहे. शनी वृश्चिकेत, म्हणजे मंगळाच्या घरात, कर्जाच्या स्थानी. सहाव्यातला शनी माणसाला हप्ते थकवू देत नाही. घरात काही नसलं तरी तुमचा हप्ता तारखेला गेला असणार, उसनवारी करावी लागली ती माटोळीसाठी, बँकेसाठी नव्हे. बरोबर ना? ही चांगली सवय आहे, पण तिची किंमत धनेश मोजतोय. शिवाय चंद्र ज्या राशीत बसला तिचा स्वामी शुक्र. तो आठव्यात मकरेत आहे आणि तिथून सातव्या दृष्टीने परत दुसऱ्याच स्थानाकडे बघतो. मिथुन लग्नाला शुक्र बाराव्याचाही मालक. म्हणजे व्ययेशाची नजर तुमच्या पेटीवर आहे. इन्शुरन्स, पासिंग, अचानक निघालेलं गिअरबॉक्सचं काम, असले खर्च आठव्यातल्या शुक्राच्या खात्यात टाका.

एवढं झाल्यावर तुमच्या पत्रिकेतली सगळ्यात मोलाची गोष्ट, जी तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. गुरू दहाव्यात मीनेत, स्वगृही. धनाचा कारक गुरूच, आणि दहाव्यातून त्याची पाचवी दृष्टी दुसऱ्या स्थानावर पडते. तीही कर्क राशीवर, जी त्याची उच्च रास. त्याच्याबरोबर राहू आहे, म्हणून कुणी चांडाळ योगाचं नाव काढून घाबरवलं असेल तर तेवढं सोडून द्या. राहू त्याच्यापासून अंशांनी बराच लांब आहे आणि गुरू स्वतःच्या घरात आहे. धनेश घर सोडून व्ययात गेला, पण घरावर राखण गुरूची आहे. याचा अर्थ तुमचा पैसा टिकू शकत नाही असं नाही. तो हातात राहिला तर टिकणार नाही. शिस्तीने, नेमाने, दुसऱ्या कुणाच्या ताब्यात ठेवला तर टिकेल.

दशा याच्याशी जुळतात का, ते बघा. रोहिणी नक्षत्र म्हणून जन्माला चंद्राची दशा, तिची जवळजवळ दोन वर्षं उरलेली. मग मंगळ, राहू, आणि 2014 च्या सुरुवातीपासून गुरूची महादशा. ती 2030 च्या सुरुवातीपर्यंत. त्यात शुक्राची अंतर्दशा 2022 च्या सुरुवातीपासून 2024 च्या पावसाळ्यापर्यंत चालली. मोपावरून विमानं जानेवारी 2023 मध्ये सुटू लागली, तुमची दुसरी गाडी त्यानंतरची. व्ययेश, आठव्यात बसलेला, धनस्थान बघणारा, त्याच्या अंतर्दशेत गाडी आणि गाडीवर कर्ज. जुळलं. आता 2025 च्या मध्यापासून चंद्राची अंतर्दशा चालू आहे, 2026 च्या दिवाळीच्या आसपास संपेल. धनेश व्ययात, त्याची अंतर्दशा: जमा करायला गेलात तर खर्च समोर उभा. त्यानंतर साधारण अकरा महिने मंगळ, 2027 च्या चवथीच्या मागेपुढे तो संपतो. त्या अकरा महिन्यांत भाडी चांगली मिळतील आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी कर्ज घेऊन दारात येईल. तिसऱ्या गाडीची हुक्की तेव्हा सगळ्यात जास्त येणार. म्हणून मी वर 2027 ची चवथ म्हटलं. (गोचराचं एक सांगून ठेवतो: 2026 च्या जूनपासून ऑक्टोबर संपेपर्यंत गुरू कर्केत, म्हणजे तुमच्या दुसऱ्याच स्थानात, उच्चीचा. तुमचे पावसातले चणचणीचे महिने यातच येतात. गुरू त्या काळात भाडी आणून देणार नाही, पण बँकेशी बोलून हप्त्यांची मांडणी बदलून घ्यायची असेल तर वेळ बरी आहे.)

आता आकडे, कारण पत्रिका स्थिती सांगते, रक्कम सांगत नाही. ती तुमच्याच पत्रात आहे. सीझनचे आठ महिने पंचाहत्तर हजार, त्यातून हप्ता आणि घर मिळून 52 हजार गेले की 23 हजार उरतात. आठ महिन्यांचे 1 लाख 84 हजार. पावसाळ्यात वीस हजार येतात आणि 52 जातात, म्हणजे महिन्याला 32 हजारांची खोट, चार महिन्यांची 1 लाख 28 हजार. वर्षाअखेर खरं तर 56 हजार शिल्लक हवेत. त्यातून इन्शुरन्स, पासिंग आणि चवथ भागवायची. ओढाताणीचं आहे, पण उसनवारीचं नाही. मग उसनवारी का होते? कारण ते 23 हजार सीझनमध्ये उरलेले वाटतात. ते उरलेले नाहीतच. त्यातले सोळा हजार पावसाचे आहेत. मे महिन्यात खिशात पैसा खेळतो, म्हणून टीव्ही येतो, भाचीच्या लग्नात आहेर फुगतो, गाडीला नवी सीट कव्हरं चढतात.

तेव्हा व्ययातल्या धनेशाला त्याचं काम करू द्या. बाराव्याचा स्वभाव पैसा हातातून बाहेर नेण्याचा. मग तुम्हीच तो बाहेर न्या, अशा जागी की सहज परत काढता येणार नाही. बारावं म्हणजे लाभस्थानाचं दुसरं स्थान, हेही विसरू नका: लाभ जिथे जाऊन साठतो ती जागा. धनेश तिथे असलेल्या माणसांची बचत बहुतेकदा घरापासून, डोळ्यांपासून लांब ठेवलेली असते, तेव्हाच ती राहते. तुमच्यासारख्या रोज रोकड हाती येणाऱ्या माणसाला पिग्मीइतकं सोयीचं काही नाही. ऑक्टोबर ते मे रोज साडेपाचशे. 243 दिवसांचे 1 लाख 33 हजार 650. पावसाची खोट भरून चवथीला थोडे वरही राहतात. एजंट संध्याकाळी दारात येतो, दिवसाची कमाई तुमच्या हातात असतानाच घेऊन जातो, आणि शनी ज्या चंद्राला बघतोय त्याला असा रोजचा नेम मानवतो. पिग्मीची मुदत मात्र नीट विचारून घ्या. जूनला पैसे हवे आणि मुदत संपायला अजून चार महिने आहेत असं झालं की व्याज तर जातंच, वर कापतातही. आणि पिग्मीवर कर्ज मिळतं ते घेऊ नका. तुमचा मंगळ तिथेही पोचेल.

तिसऱ्या गाडीचा हिशेबही यातच आहे. तिचा हप्ता सीझनला भागेल. पावसात ती उभी राहील आणि तिची खोट त्या 32 हजारांवर चढेल. गाडीमागे हप्ता तेरा-चौदा हजार धरला तरी चार महिन्यांत पन्नास हजारांहून अधिक, म्हणजे वर्षाची अख्खी शिल्लक गेली. पहिल्या गाडीचं कर्ज फिटायला किती राहिलंय ते तुम्ही लिहिलं नाहीत. ते फिटलं आणि मधला एक पावसाळा कुणाकडे न मागता काढलात, की मग मला पत्र पाठवा. तेव्हा मंगळाची अंतर्दशाही सरलेली असेल.

मोतीही सुचवेन असं वाटलं असेल. नाही. चंद्र उच्चीचा, नवांशात स्वगृही, त्याला बळाची गरज नाही. व्ययातल्या ग्रहाला आणखी जोर देऊन काय साधायचं? सोन्यात मढवलेल्या मोत्याचे जे पैसे होतील ते पिग्मीत घाला.

शेवटी एक गोष्ट, आणि हिच्यावर वरचं सगळं उभं आहे. तुमची पावणेदोनची वेळ कुठून आली? त्या दिवशी गोव्यात पावणेएकच्या आसपास वृषभ लग्न संपून मिथुन लागत होतं. वेळ तासभर अलीकडची निघाली तर लग्न वृषभ, धनेश बुध, लाभेश गुरू, मंगळ बाराव्यात आणि चंद्र लग्नात. मग वरची मंगळाची आणि चंद्राची सगळी गोष्ट पुसून टाकावी लागेल. माझा अंदाज वेळ बरोबर असल्याचा आहे, कारण दुसऱ्या गाडीचा काळ आणि हप्ता न थकवण्याची सवय मिथुन लग्नाशीच जुळते. तरी आई असेल तर विचारा. घड्याळ विचारू नका, ते कुणाला आठवत नाही. तुमचा जन्म झाला तेव्हा घरातल्या बायांची जेवणं झाली होती की व्हायची होती, एवढंच विचारा. व्हायची होती म्हणाली तर जन्मदाखल्यावरची वेळ काढून मला पाठवा, आणि तोवर माझं हे उत्तर बाजूला ठेवा. पिग्मी मात्र सुरू करा.